शून्यापासून बी१ जर्मन: सोलापुरात नोकरी सांभाळून तयारी कशी लावायची

जर्मनीतल्या नोकरीसाठी बी१ ही ए१, ए२ नंतरची जर्मनची तिसरी पातळी गाठायचं ठरवलेले बहुतेक इंजिनिअर भाषा अवघड म्हणून अडकत नाहीत. त्यांचा क्रम चुकलेला असतो. शब्द लिंग दाखवणारे डेर-दी-दास न लावता पाठ होतात, व्याकरण इंग्रजीवरून शिकलं जातं, पहिलं पत्र परीक्षेच्या महिनाभर आधी लिहिलं जातं आणि परीक्षेची जागा शोधायला लागल्यावर कळतं की पुण्यातल्या सगळ्या भरल्या आहेत. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

उदाहरणासाठी एक माणूस डोळ्यांसमोर ठेवू. वय २६, मेकॅनिकल इंजिनिअर, चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात मेंटेनन्सला, तीन वर्षांचा अनुभव, जर्मन शून्य. लक्ष्य गोएथे इन्स्टिट्यूटची बी१ परीक्षा. या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात. प्रत्येक भाग स्वतंत्र १०० गुणांचा असून प्रत्येकात ६० लागतात. एका भागातले जास्तीचे गुण दुसऱ्या भागाला उपयोगी पडत नाहीत. पुढचं सगळं नियोजन या एका नियमावर बेतलेलं आहे.

## टप्पा १: बी१ नक्की कोण मागतंय ते आधी लिहून काढा

कुणीतरी सांगितलं म्हणून बी१ला लागू नका. मागणी तीन ठिकाणांहून येऊ शकते आणि तिन्हींचा हिशेब वेगळा आहे.

हातात नोकरीचं पत्र असेल आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर ब्लू कार्ड या कामाच्या परवान्यासाठी कायद्याने जर्मनचं प्रमाणपत्र लागत नाही. पण कंपनी स्वतः मागू शकते. मेंटेनन्स, प्रॉडक्शन, क्वालिटी अशा शॉपफ्लोअरच्या जागांवर बहुधा मागतेच, कारण तिथे फोरमन आणि टेक्निशियनशी जर्मनमधूनच बोलावं लागतं. शिवाय ब्लू कार्डवर गेलेल्याला कायम वास्तव्याचा परवाना बी१ असेल तर २१ महिन्यांनी मागता येतो, फक्त ए१ असेल तर २७ महिन्यांनी.

नोकरीचं पत्र नसेल आणि तिथे जाऊन नोकरी शोधायची असेल, तर जून २०२४ पासून चान्सनकार्टे म्हणजे संधी कार्ड आहे. गुणांच्या वाटेने जायचं तर किमान ६ गुण लागतात. आपल्या उदाहरणातल्या माणसाला वय ३५च्या आत असल्याबद्दल २ मिळतात. गेल्या पाच वर्षांत त्याच क्षेत्रातला किमान दोन वर्षांचा अनुभव आहे, त्याचे आणखी २. जर्मन बी१ असेल तर २ मिळून ६ होतात. जर्मन ए२ असेल तर एकच गुण मिळतो, बेरीज ५वर थांबते आणि उरलेला एक गुण दुसरीकडून आणावा लागतो.

तपासा: मागणी करणाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या. कोणती पातळी हवी, कोणत्या संस्थेचं प्रमाणपत्र चालेल आणि ते किती जुनं चालेल. गोएथेच्या बी१ प्रमाणपत्रावर संपण्याची तारीख नसते, पण मागणारं कार्यालय ताजं प्रमाणपत्र मागू शकतं. म्हणून परीक्षा फार आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही.

ए१, ए२ आणि बी१ अशा तीनही परीक्षा देण्याची गरज नाही. बी१ला थेट बसता येतं. मधल्या परीक्षा कुणी मागितल्या नसतील तर ते पैसे आणि पुण्याच्या फेऱ्या वाचवा. मधल्या पातळ्या शिकायच्या मात्र पूर्ण.

## टप्पा २: तासिकांचा हिशेब

गोएथे इन्स्टिट्यूट बी१साठी ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका धरते. नोकरी करून शिकणाऱ्याने वरच्या टोकाजवळचा आकडा धरावा. आपण ६२४ धरू.

रोज दोन तासिका, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे १२. सकाळी कंपनीची बस यायच्या आधी एक आणि रात्री जेवणानंतर एक. सकाळी नवं शिकायचं, रात्री लिहायचं आणि उजळणी करायची. हे उलटं केलं तर दमलेल्या डोक्यात नवं व्याकरण शिरत नाही. बसमध्ये जे ऐकाल ते वरकड, हिशेबात धरू नका.

ए१ला १० आठवडे, ए२ला १५, बी१ला १९ आणि निव्वळ परीक्षेच्या सरावाला ८. एकूण ५२ आठवडे होतात. त्यात सहा आठवडे मोकळे सोडा. शिफ्ट बदलणार, प्लँटचं शटडाउन येणार, गड्ड्याची यात्रा आणि घरातलं लग्न येणार. जूनच्या सुरुवातीला शिकायला लागलात तर परीक्षा पुढच्या जुलैच्या मध्याला येते.

सावध: 'तीन महिन्यांत बी१' अशी जाहिरात दिसली की हाच हिशेब करा. १३ आठवड्यांत ६२४ तासिका म्हणजे आठवड्याला ४८, म्हणजे ३६ तास. नोकरी सोडून पूर्णवेळ शिकणाऱ्याला जमेल. शिफ्ट करणाऱ्याला जमणार नाही.

क्लास सोलापुरातला असो की ऑनलाइन, फी भरण्याआधी शिक्षकांना एकच प्रश्न विचारा: आठवड्याला किती लेखन तपासून देणार? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा क्लास बघा. व्याकरणाचे व्हिडिओ फुकट मिळतात आणि डॉइच वेलेचा ए१ ते बी१ असा मोफत कोर्सही आहे. पैसे मोजायचे ते तुमच्या चुकांवर लाल पेन फिरवणाऱ्यासाठी.

## टप्पा ३: पहिले दोन आठवडे फक्त आवाज

या दोन आठवड्यांत व्याकरण जवळजवळ नको. मराठी कानाला काही आवाज आधीच येतात, ते वापरा. जर्मन 'झेड' अक्षराचा उच्चार आपल्या 'चाक', 'चमचा' यातल्या 'च'च्या अगदी जवळचा, त्स असा आहे. रेल्वेला 'त्सूक' म्हणतात, 'झुग' नव्हे. शेवटचा 'ग'सुद्धा 'क' झाला, कारण शब्दाच्या शेवटी ग, ब, ड हे क, प, ट असे बोलले जातात. दोन टिंबांचा 'यू' काढायला तोंडाने 'ऊ'चा गोल करून आतून 'ई' म्हणा. आरशासमोर करा, ओठ सपाट झाले की आवाज लगेच बिघडतो.

सर्वात जास्त गोंधळ अक्षरांच्या नावांचा होतो. जर्मनमध्ये पहिल्या अक्षराला 'आ', पाचव्याला 'ए' आणि नवव्याला 'ई' म्हणतात. इंग्रजीची सवय असलेला माणूस 'ई' ऐकला की पाचवं अक्षर लिहितो. नाव 'विजय' असेल तर स्पेलिंग 'फाउ, ई, योट, आ, उप्सिलोन' असं सांगावं लागतं. स्वतःचं नाव, आडनाव आणि गावाचं नाव असं अडखळल्याशिवाय सांगता आलं पाहिजे.

आकड्यांत मराठीचा सरळ फायदा आहे. जर्मन पंचविसाला 'पाच आणि वीस' म्हणतो, एकक आधी. 'पंचवीस'ची बांधणी तीच. म्हणून आकडे इंग्रजीवरून नव्हे, मराठीवरून शिका. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस या घरात सावध राहा. तिथे आपण पुढच्या दशकातून एक वजा करतो, जर्मन सरळ 'नऊ आणि वीस' म्हणतो.

तपासा: कुणाला तरी दहा मोबाइल नंबर जर्मनमध्ये जोड्या करून वाचायला सांगा. आठ बरोबर लिहिता आले तर पुढे चला.

## टप्पा ४: शब्द साठवायची पद्धत पहिल्याच दिवशी लावून घ्या

नाम एकटं कधीच साठवायचं नाही. त्याच्यासोबत लिंग दाखवणारा डेर, दी किंवा दास, अनेकवचन आणि एक छोटं वाक्य हवं. मोबाइलवरच्या कार्डांच्या अॅपमध्ये ओळ अशी टाका:

```
die Wartung, -en | देखभाल | Die Wartung dauert zwei Stunden.
der Schlüssel, - | किल्ली | Wo ist der Schlüssel?
das Ventil, -e   | व्हॉल्व्ह | Das Ventil ist offen.
```

मराठीत तो-ती-ते आहे म्हणून जर्मन लिंगं सोपी जातील, हा समज घातक आहे. तीन लिंगं असतात ही कल्पना सोपी जाते, एवढंच. शब्दांची लिंगं जुळत नाहीत. आपली खुर्ची 'ती', जर्मन खुर्ची 'डेर'. आपला दरवाजा 'तो', जर्मन दरवाजा 'दी'. आपलं टेबल 'ते', जर्मन टेबल 'डेर'. मराठीवरून अंदाज बांधायचाच नाही.

अंदाज बांधायचा तो शब्दाच्या शेपटीवरून. 'उंग', 'हाइट', 'काइट', 'शाफ्ट' आणि 'त्सिओन' यांनी संपणारी नामं 'दी' घेतात. मेंटेनन्सवाल्याला हे फार उपयोगी पडतं, कारण त्याचे निम्मे शब्द 'उंग'वाले असतात: वार्टुंग म्हणजे देखभाल, मेसुंग म्हणजे मोजमाप, प्र्यूफुंग म्हणजे तपासणी. 'खेन'ने संपलं की 'दास'. क्रियापदाच्या मूळ रूपाचं नाम केलं की तेही 'दास'.

रोज १० नवे शब्द पुरेत. २५ घेणाऱ्यांचं तिसऱ्या आठवड्यात उजळणीचं ढीगभर काम साचतं आणि अॅप उघडणंच बंद होतं. उजळणी आधी, नवे शब्द नंतर. वेळ कमी पडला तर नवे सोडा.

आणि धंद्याचे शब्द आत्ताच गोळा करत बसू नका. बी१च्या पेपरात गिअरबॉक्स येत नाही. तिथे घरभाडं, डॉक्टरची वेळ, शेजारी, सुट्टी, कोर्सची चौकशी हे येतं. पहिल्या ४४ आठवड्यांत तांत्रिक शब्द दहातला एक, एवढंच प्रमाण ठेवा.

## टप्पा ५: वाक्याचा सांगाडा, मराठीवरून

इथे सर्वात जास्त वेळ द्या. बी१च्या लेखनात जाणारे गुण बहुतेक या चार जागी जातात आणि चारही जागी मराठीचा आधार इंग्रजीपेक्षा चांगला आहे.

क्रियापद दुसऱ्या जागी. साध्या वाक्यात कर्त्याप्रमाणे चालवलेलं क्रियापद नेहमी दुसऱ्या जागी बसतं, पहिल्या जागी कर्ता असो वा नसो. 'मी आज पुण्याला जातो' हे 'इश फारे हॉयटे नाख पुणे' असं होतं. 'आज'ने सुरुवात केली की 'हॉयटे फारे इश नाख पुणे'. इंग्रजीवरून शिकलेला माणूस इथे हमखास 'हॉयटे इश फारे' म्हणतो. तपासायची युक्ती सोपी आहे: आपल्या लेखनात प्रत्येक साध्या वाक्यातल्या क्रियापदाखाली रेघ मारा आणि त्याच्या आधी एकच तुकडा आहे ना, ते बघा.

दुसरा अर्धा भाग शेवटी. 'मी काल मशीन दुरुस्त केलं' याचं जर्मन 'इश हाबे गेस्टर्न दी माशीने रेपारीर्ट'. 'हाबे' दुसऱ्या जागी, 'रेपारीर्ट' पार शेवटी. 'शकतो', 'पाहिजे' अशा सहायक क्रियापदांचं आणि दोन तुकड्यांत फुटणाऱ्या क्रियापदांचंही असंच. आपल्याला क्रिया शेवटी ऐकायची सवय आहेच. विसरतो ते सुरुवातीचं 'हाबे'.

जोडवाक्यात मराठीसारखं. 'कारण', 'की', 'जर', 'जरी' यांनी सुरू होणाऱ्या उपवाक्यात क्रियापद अगदी शेवटी जातं. 'कारण मी आज आजारी आहे' या वाक्यातले शब्द एकामागोमाग ठेवत जा: 'वाइल इश हॉयटे क्रांक बिन'. क्रम तोच. ही रचना ए२मध्ये येते आणि इंग्रजीवरून शिकणाऱ्यांना महिनाभर छळते. मराठीत विचार करणाऱ्याला ती आठवड्यात बसते. अट एकच, की डोक्यात मध्ये इंग्रजी वाक्य तयार करू नका.

'मला'ची वाक्यं. 'पुस्तक मला आवडतं' म्हणजे 'दास बुख गेफेल्ट मिर'. आवडणारी वस्तू कर्ता, माणूस 'मला'च्या रूपात. पुस्तकं अनेक असली की आपण 'आवडतात' म्हणतो, जर्मनही 'गेफालन' म्हणतो. 'मला थंडी वाजते' याला 'मिर इस्ट काल्ट' म्हणतात. इंग्रजीवरून 'इश बिन काल्ट' केलंत तर 'मी थंड स्वभावाचा आहे' असा अर्थ निघतो.

जिथे मराठी मदत करत नाही ती जागाही माहीत असू द्या. 'टेबलावर ठेवतो' आणि 'टेबलावर आहे' यात आपलं 'वर' बदलत नाही. जर्मनमध्ये ठेवताना 'आउफ डेन टिश', असताना 'आउफ डेम टिश'. वस्तू कुठे जातेय की कुठे आहे, हा प्रश्न अशा नऊ शब्दयोगींपुढे विचारावा लागतो. याला नियम वाचून उपयोग नाही. घरातल्या वस्तू हलवत रोज सहा जोड्या मोठ्याने म्हणा, दोन आठवडे.

तपासा, २५वा आठवडा (ए२ची अखेर): 'मी काल सुट्टी का घेतली' यावर दहा वाक्यं न थांबता लिहा. त्यात भूतकाळ, दोन 'कारण' आणि एक 'जर' हवं. क्रियापदाच्या जागेच्या चुका दोनपेक्षा जास्त निघाल्या तर बी१चं पुस्तक उघडू नका. मोकळ्या सहा आठवड्यांतले दोन इथे खर्च करा. कच्च्या ए२वर बी१ चढवणं ही सर्वात महागात पडणारी चूक आहे, कारण ती थेट परीक्षेत उघड होते.

बी१च्या १९ आठवड्यांत संबंधी उपवाक्यं, 'असतं तर' आणि 'शकाल का'ची नम्र रूपं, कर्मणी प्रयोग आणि 'त्यासाठी'ची रचना, एवढं या क्रमाने घ्या. षष्ठी विभक्ती ओळखता आली तरी भागतं.

## टप्पा ६: लेखन, दहाव्या आठवड्यापासून

लेखनाला ६० मिनिटं आणि तीन कामं असतात. मित्राला सुमारे ८० शब्दांचा मेल, एखाद्या विषयावर सुमारे ८० शब्दांत मत आणि सुमारे ४० शब्दांचा औपचारिक निरोप. गुण अनुक्रमे ४०, ४० आणि २०. वेळ २०, २५ आणि १५ मिनिटं असा वाटून घ्या.

गुण जातात ते व्याकरणापेक्षा मुद्दा सुटल्यामुळे. पहिल्या मेलमध्ये तीन मुद्दे दिलेले असतात. सुंदर भाषेत दोनच लिहिले तर 'काम पूर्ण केलं का' या निकषावर कात्री लागते. आणि त्या निकषावर सर्वात खालचा शेरा मिळाला, म्हणजे मजकूर मागितलेल्याच्या निम्म्यापेक्षा कमी असला किंवा विषयच भरकटला, तर त्या कामाला पूर्ण शून्य मिळतं. भाषा कितीही चांगली असली तरी.

तिसऱ्या कामाचा नमुना बघा. प्रश्न असा: 'सोमवारी भेटायला बोलावलं आहे. तुम्हाला येता येत नाही. माफी मागा आणि कारण सांगा.'

```
Sehr geehrte Frau Keller,
vielen Dank für Ihre Einladung zum Gespräch am Montag.
Leider kann ich nicht kommen, weil ich an diesem Tag
in der Fabrik arbeiten muss. Könnten wir uns am
Dienstag um 16 Uhr treffen? Ich bitte um Entschuldigung.
Mit freundlichen Grüßen
Vijay Mane
```

मायना धरून मजकूर पन्नासच्या आत आहे. मायन्यानंतर स्वल्पविराम आल्यामुळे पुढची ओळ लहान अक्षराने सुरू झाली. 'लाइडर'नंतर लगेच 'कान' आलं, म्हणजे क्रियापद दुसऱ्या जागी. 'वाइल'च्या वाक्यात 'मुस' शेवटी गेलं. विनंतीला 'क्योन्टन' हे नम्र रूप वापरलं. आणि 'तुम्ही'चा मान पत्रभर टिकला. नमुन्यात न दिसणारी चूक अशी, की मायन्यात मान आणि मजकुरात 'तू' अशी सरमिसळ होते. आपण साहेबाला लिहिताना एका ओळीत 'आपण' आणि पुढच्या ओळीत 'तू' लिहीत नाही. तीच शिस्त इथे.

दहाव्या आठवड्यापासून आठवड्याला एक लेखन आणि ४५व्या आठवड्यापासून तीन, घड्याळ लावून. तपासून आलेलं लेखन तसंच ठेवू नका. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर पुन्हा लिहा. चुकांची वही करा: डावीकडे चुकलेलं, उजवीकडे बरोबर. प्रत्येकाच्या चुका पाच-सहाच प्रकारच्या असतात, त्या या वहीत दिसतात.

सावध: काही केंद्रांवर परीक्षा संगणकावर होते. जर्मन कळफलकावर वाय आणि झेड यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात. तुमचं केंद्र कोणत्या पद्धतीने घेतं ते आधी विचारा आणि सराव त्याच पद्धतीने करा.

## टप्पा ७: ऐकणं आणि वाचणं

श्रवण सुमारे ४० मिनिटांचं, चार भाग, ३० प्रश्न. पहिला आणि चौथा भाग दोनदा ऐकवतात, दुसरा आणि तिसरा एकदाच. लोक गडबडतात ते या मधल्या दोनांत. एक शब्द निसटला की त्याच्या मागे लागतात आणि पुढचे दोन प्रश्न हातचे जातात. निसटला तर खूण करून पुढे सरकायचं, ही सवय सरावातच लागायला हवी. ऐकायला सुरुवात होण्याआधी मिळणाऱ्या वेळात प्रश्नातल्या मुख्य शब्दांखाली रेघ मारा. ऐकताना मात्र नेमके तेच शब्द येतील अशी वाट बघू नका. बरोबर उत्तर बहुतेकदा वेगळ्या शब्दांत येतं आणि प्रश्नातला शब्द जसाच्या तसा चुकीच्या पर्यायात पेरलेला असतो.

रोज २० मिनिटं, एकच उतारा, तीनदा. आधी नुसता ऐकायचा, मग मजकूर समोर ठेवून आणि शेवटी पुन्हा मजकुराशिवाय. बातम्या पाठीमागे लावून काम करत राहिलं तर कान तयार होत नाही.

वाचन ६५ मिनिटांचं, पाच भाग, ३० प्रश्न. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवण्याचा वेळ त्यातच धरलेला असतो. म्हणून दुसऱ्या भागातल्या वर्तमानपत्री उताऱ्यांवर २० मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. जाहिराती जुळवण्याच्या तिसऱ्या भागात एका प्रश्नाला जुळणारी जाहिरातच नसते, हे लक्षात असू द्या.

## टप्पा ८: बोलणं, जोडीदार धरून

संभाषणाची परीक्षा सहसा दोन उमेदवारांची एकत्र, सुमारे १५ मिनिटांची असते. त्याआधी तयारीला १५ मिनिटं मिळतात. आधी दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं, मग प्रत्येकाने एका विषयावर छोटं सादरीकरण करायचं, मग एकमेकांच्या सादरीकरणावर प्रतिक्रिया द्यायची आणि प्रश्न विचारायचा.

एकट्याने आरशासमोर केलेला सराव पहिल्या भागाला उपयोगी नाही. तिथे समोरच्याला अडवणं, होकार देणं, दुसरा पर्याय सुचवणं तपासतात. एकट्याने बडबड केली तर गुण जातात. क्लासमधला कुणी, सहकारी किंवा ऑनलाइन भेटलेला जोडीदार ३०व्या आठवड्यापासून धरा, आठवड्यातून दोनदा अर्धा तास.

सादरीकरणाला सांगाडा दिलेला असतो: विषयाची ओळख, स्वतःचा अनुभव, आपल्या देशातली परिस्थिती, फायदे-तोटे आणि मत, शेवटी समारोप आणि आभार. तिसऱ्या पायरीसाठी सोलापूरची दहा वाक्यं तयार असू द्या. लोक कामाला कसे जातात, उन्हाळ्यात दिवस कसा असतो, घरात कोण राहतं, बाजार कुठे करतात. विषय 'सार्वजनिक वाहतूक' असो की 'मुलं आणि मोबाइल', यातली तीन वाक्यं बसतातच. मुद्दे टिपून नेता येतात, पण कागदावरून वाचून दाखवायचं नाही.

## टप्पा ९: जागा, पासपोर्ट, प्रवास

सोलापूरला जवळचं गोएथे केंद्र पुण्यात बोट क्लब रोडवर आहे, ज्याला सगळे मॅक्समुल्लर भवन म्हणतात. तारखा `goethe.de` वर येतात. नोंदणी उघडली की जागा फार लवकर भरतात, म्हणून ४०व्या आठवड्यापासून तारखांवर नजर ठेवा. खातं आधीच उघडून ठेवा आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे तेही नाही, असं असतं. प्रमाणपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं निघालं की व्हिसाच्या वेळी खुलासे करत बसावं लागतं. पासपोर्ट अजून काढला नसेल तर तो आधी.

सावध: 'जागा मिळवून देतो' म्हणणाऱ्याला खात्याचा पासवर्ड किंवा पैसे देऊ नका. पुण्यात जागा नाही मिळाली तर मुंबईची तारीख बघा.

जागा पक्की करण्याआधी संस्थेच्याच संकेतस्थळावरचा मोफत नमुना संच घड्याळ लावून सोडवा. वाचन आणि श्रवणात घरी ७० येत असतील तर परीक्षेत ६० सांभाळता येतात. घरी ६२ येत असतील तर नाही.

सकाळच्या परीक्षेला त्याच दिवशी हुतात्मा एक्स्प्रेसने निघायचा विचार करू नका. आदल्या संध्याकाळी पुणे गाठा. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्स चालत नाही. शब्दकोश आणि मोबाइल आत नेता येत नाही.

## एका भागात ६०च्या खाली आलं तर

बाकीचे तीन भाग वाया जात नाहीत. भाग स्वतंत्र असल्यामुळे राहिलेल्या भागाला पुन्हा बसता येतं. पण लगेच पुढची तारीख घेऊ नका. आधी चुकांची वही आणि शेवटचे तीन सराव समोर घेऊन गुण कुठे गेले ते शोधा. लेखनात ५०च्या घरात असाल तर सहसा एखादा मुद्दा सुटलेला असतो किंवा तिसरं काम घाईत झालेलं असतं. घड्याळ लावून केलेल्या चार-पाच आठवड्यांच्या सरावात ते सुधारतं. श्रवणात ५०च्या घरात असाल तर किमान आठ आठवडे द्या, कारण कान तयार व्हायला लेखनापेक्षा जास्त वेळ लागतो. नव्या तारखेची नोंदणी करण्याआधी, जिथे प्रमाणपत्र द्यायचं आहे त्या कार्यालयाला वेगवेगळ्या तारखांची चार भागांची प्रमाणपत्रं चालतात का, हे विचारून घ्या.